खोक्यावरचा आकडा आणि खोलीतला आकडा

दिवाळी सरली की महाशिवरात्रीपर्यंत दोन वस्तूंच्या जाहिराती वाढतात: एअर प्युरिफायर आणि मास्क. त्यामागे कारण आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरच्या थरांत मिसळत नाही, वारा मंदावतो. मुंबईत एरवी धूळ-धूर वाहून नेणारा समुद्रावरचा वाराही या दिवसांत अनेकदा रेंगाळतो. मग बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर आणि कचरा जाळल्याचा धूर खालीच कोंडून राहतो. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली. तेव्हा गरज खरी आहे आणि या वस्तूंचा उपयोगही खरा आहे. त्यांच्याविषयी जे छापलं जातं, ते मात्र पुष्कळदा वस्तूच्या आवाक्याबाहेरचं असतं.

समजा, ठाण्यातल्या एका दुकानदाराला या हिवाळ्यासाठी एक पानी पत्रक काढायचं आहे. कंपनीकडून आलेला मजकूर त्याच्यासमोर आहे. पहिलंच वाक्य असं: ‘हवेतले 99.97 टक्के प्रदूषक कण नष्ट.’ दुकानदार प्रामाणिक आहे. आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही, एवढीच त्याची इच्छा आहे. या वाक्याचं त्याने काय करावं?

हा आकडा बनावट नाही. हेपा जातीच्या फिल्टरची ती जुनी कसोटी आहे. 0.3 मायक्रॉनचे कण फिल्टरच्या कागदातून सोडले, तर दर दहा हजारांतले जास्तीत जास्त तीनच पलीकडे जावेत, असा तिचा अर्थ. 0.3 मायक्रॉनच निवडण्यालाही कारण आहे. याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. याहून बारीक कण हवेत सैरभैर हलत राहतात आणि तेही तंतूंना चिकटतात. मधल्या मापाचे कण पकडणं सर्वात अवघड, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात. म्हणजे फिल्टर खरोखर उत्तम असतो. पण 99.97 हा आकडा फिल्टरमधून गेलेल्या हवेचा आहे. खोलीतली सगळी हवा त्यातून जात नाही. जी जाते ती बाहेर येऊन पुन्हा खोलीतल्या मळक्या हवेत मिसळते, आणि खिडकीच्या फटींतून नवी मळकी हवा सतत आत येत असते. शिवाय कण ‘नष्ट’ होत नाहीत, ते फिल्टरमध्ये अडकून बसतात. म्हणून तर फिल्टर बदलावा लागतो.

खोलीत काय घडतं, हे सांगणारा आकडा वेगळा असतो. त्याला सीएडीआर म्हणतात. यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा खोलीत सोडतं, याचं ते माप. त्यात फिल्टरची ताकदही येते आणि पंख्याची ताकदही येते. खोक्याच्या एका कोपऱ्यात हा आकडा बहुधा बारीक अक्षरांत सापडतो. पत्रकात तो वर यायला हवा, कारण गिऱ्हाइकाला हिशेब करता येईल असा हा एकच आकडा आहे.

तो हिशेब करून पाहू. झोपायची खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद, 10 फूट उंच. म्हणजे 1200 घनफूट, सुमारे 34 घनमीटर हवा. यंत्राचा सीएडीआर ताशी 200 घनमीटर. म्हणजे हे यंत्र खोलीतल्या हवेच्या जवळजवळ सहापट स्वच्छ हवा तासाभरात देतं. बाहेर पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, घनमीटरला 120 मायक्रोग्रॅम आहेत असं धरू. आपल्याकडे 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. खिडक्या लावलेल्या असल्या तरी फटींतून तासाला खोलीभर हवा आत येते, असंही धरू. आपल्या सरकत्या काचांच्या खिडक्या पाहता हे धरणं वावगं नाही. तर खोलीतला आकडा साधारण 17 वर येऊन स्थिरावेल. उत्तम निकाल आहे हा.

पण रात्री पंख्याचा आवाज नको म्हणून यंत्र ‘स्लीप’वर टाकतात. तिथे पंखा मंद होतो आणि स्वच्छ हवा ताशी 60 घनमीटरच मिळते, असं समजा. मग तोच आकडा 17 ऐवजी 43 होतो. आता खिडकी थोडी उघडी ठेवली आणि बाहेरची हवा तासाला पाच वेळा बदलू लागली, तर पूर्ण वेगातही आकडा 55 च्या खाली जात नाही. खिडकी किलकिली आणि यंत्र मंद, असं दोन्ही झालं तर 89. बाहेर 120 आणि आत 89! गळक्या होडीतलं पाणी उपसायचं तर भोक किती मोठं आहे, यावरच सगळं ठरतं. हे आकडे कागदावरच्या गणिताचे आहेत. त्यात हवा खोलीभर सारखी मिसळते असं गृहीत धरलं आहे, आणि भिंतींवर बसणारी धूळ सोडून दिली आहे. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होईल. पण यंत्र तेच, फिल्टर तोच, खोक्यावरचा 99.97 तोच, आणि उत्तरं मात्र चार वेगवेगळी. पत्रकात जायला हवं ते हे.

प्रत्यक्ष मोजणीही याच्याशी जुळते. शांघायमध्ये 2014 साली 35 निरोगी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक काटेकोर प्रयोग झाला. वसतिगृहाच्या खोल्यांत यंत्रं ठेवली. एका फेरीत खरा फिल्टर, दुसऱ्या फेरीत फिल्टर काढलेलं नुसतं यंत्र, आणि आपल्या खोलीत कोणतं चाललं आहे हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं. प्रत्येक फेरी 48 तासांची. खऱ्या फिल्टरने खोलीतलं पीएम 2.5 सरासरी 96 वरून 41 वर आणलं, म्हणजे 57 टक्क्यांनी कमी केलं. रक्तातल्या दाहाशी निगडित काही घटकांत घट दिसली, रक्तदाबही थोडा उतरला. ही चांगली बातमी आहे आणि दुकानदाराने ती बिनधास्त सांगावी. फक्त मर्यादेसकट सांगावी: प्रयोग तरुण, निरोगी माणसांवर झाला, दोन दिवसांचा होता, आणि हृदयविकार टळतो किंवा आयुष्य वाढतं, असं त्याने दाखवलेलं नाही. म्हणून ‘दम्यापासून सुटका’, ‘मुलांच्या फुप्फुसांचं कवच’ ही वाक्यं पत्रकातून जायला हवीत. त्यांच्या जागी हे यावं: ‘खिडक्या बंद असताना खोलीतले बारीक कण निम्म्याहून कमी होऊ शकतात. हे औषध नाही. चालू असलेलं औषध, पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.’ शेवटचं वाक्य विक्रीला मारक वाटेल. पण घरात यंत्र आलं म्हणून इनहेलर बाजूला ठेवणाऱ्या माणसाला या वाक्याची खरी गरज आहे.

पुढचा दावा क्षेत्रफळाचा. ‘250 चौरस फुटांसाठी पुरेसं.’ हा आकडाही हवेतून आलेला नसतो, पण तो कंपनीने कोणता नियम धरला त्यावर ठरतो. चिनी मानकातल्या सूत्राची वरची बाजू घेतली तर 200 सीएडीआरच्या यंत्राला 250 चौरस फुटांहून थोडं जास्तच क्षेत्र लिहिता येतं. अमेरिकी उत्पादक संघटनेच्या नियमाने तेच यंत्र सुमारे 180 चौरस फुटांचं ठरतं, तेही छत आठ फुटांवर धरून. आपल्या दहा फुटी छताच्या खोलीत ताशी पाचपट स्वच्छ हवा हवी असेल, तर ते जेमतेम 140 चौरस फुटांना पुरतं. तिन्ही आकडे हिशेबाने बरोबर आहेत. दुकानदाराने सगळ्यात लहान आकडा छापावा आणि सोबत छताची उंची लिहावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठा आकडा वाचून हॉल आणि स्वयंपाकघर एकत्र असलेल्या जागेत यंत्र नेणारा गिऱ्हाईक पंधरा दिवसांत निराश होतो, आणि त्याची निराशा योग्य असते.

एक हिशेब तर कुठल्याच जाहिरातीत नसतो: यंत्रामुळे माणसाच्या दिवसभराच्या श्वासात किती फरक पडतो? वरच्याच उदाहरणातला माणूस रात्री आठ तास त्या खोलीत झोपतो, यंत्र मंद वेगावर, आकडा 43. उरलेले सोळा तास तो गाडीत, कचेरीत, स्वयंपाकघरात, म्हणजे ढोबळमानाने 120 च्याच हवेत असतो. त्याची दिवसाची सरासरी 120 वरून 94 वर येते. पाचवा हिस्सा कमी झाला. हे थोडं नाही, पण ‘शुद्ध हवेत जगा’ या ओळीपासून ते खूप दूर आहे. बाळंतीण आणि तान्हं मूल, किंवा अंथरुणाला खिळलेले आजोबा, अशांचे वीस-वीस तास एकाच खोलीत जातात. त्यांच्यासाठी मात्र हाच हिशेब पुष्कळ चांगला येतो. पत्रक खरं तर त्यांच्या घरांसाठी लिहायला हवं.

यंत्र काय करत नाही, हेही तितक्याच ठळकपणे यावं. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू अडवत नाही. त्याच्याबरोबर येणारा कोळशाचा पातळ थर थोडा वास कमी करतो, पण वाहनांच्या धुरातल्या वायूंपुढे तो लवकर थकतो. यंत्र प्राणवायू तयार करत नाही, आणि बंद खोलीत श्वासाने साठणारा कार्बन डायऑक्साइड काढत नाही. चार माणसं एका खोलीत दारं-खिडक्या लावून झोपली की सकाळी डोकं जड वाटतं, त्यावर हे यंत्र हा इलाज नव्हे. बाहेरची हवा जरा बरी असेल त्या वेळी खिडकी उघडावीच लागते. आणि एक धोक्याची गोष्ट: थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवली तर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू या यंत्राला अजिबात अडवता येत नाही. यंत्र चालू आहे म्हणून शेगडी चालेल, असा समज जीवघेणा ठरू शकतो. उदबत्ती आणि डासांची कॉइल खोलीतच जळत असेल, तर यंत्राचा बराचसा जोर त्यांच्या धुरावरच खर्च होतो. ‘आयन’ सोडणारं बटण असेल तर त्यातून ओझोन तयार होऊ शकतो, आणि तो फुप्फुसांना त्रासदायक आहे. ओझोन न होण्याची खात्री कंपनी लेखी देत नसेल, तर ते बटण बंद ठेवायला सांगणं बरं.

आता मास्क. इथेही तोच घोळ आहे. ‘एन 95’ मधले 95 टक्के हे कापडाचे आहेत, चेहऱ्याचे नाहीत. प्रयोगशाळेत मास्क घट्ट बसवून त्यातून 0.3 मायक्रॉनचे मिठाचे कण सोडतात, त्यांतले 95 टक्के अडले की मास्क उत्तीर्ण. युरोपातल्या एफएफपी 2 ची आणि आपल्या आयएस 9473 मानकातल्या त्याच दर्जाची मर्यादा 94 टक्के आहे. पण माणसाच्या नाकाशेजारी फट असते, गालावर दाढी असते. हवा सोपी वाट शोधते आणि फटीतून गाळलीच जात नाही. बीजिंगमध्ये विकल्या जाणाऱ्या नऊ प्रकारच्या मास्कची संशोधकांनी तपासणी केली आणि निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध केले. बसलेल्या स्वयंसेवकांच्या चेहऱ्यावर सर्वात चांगल्या मास्कमधून सरासरी तीन टक्के काजळी आत आली, सर्वात वाईट मास्कमधून 68 टक्के. दोघांत मोठा फरक पाडणारी गोष्ट कापडाहून जास्त चेहऱ्यावरची बैठक होती.

म्हणून मास्कच्या जाहिरातीत टक्क्यांपेक्षा चेहऱ्यावर बसवण्याची रीत छापणं जास्त उपयोगाचं. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा आला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर वर फट आहे. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानांत अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा मास्क घट्ट धरून ठेवतात. दाढीवर तो नीट बसत नाही. पत्रकात हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहावं. मास्क धुऊ नये आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नये, कारण मधल्या थरावर विजेचा भार दिलेला असतो, त्यानेच बारीक कण ओढले जातात, आणि साबण किंवा अल्कोहोल तो भार घालवतं. ओला झाला, मळला, पट्टे सैल पडले किंवा श्वास घेणं जड झालं की टाकावा. वायूंपासून तो वाचवत नाही. लहान मुलांच्या चेहऱ्यासाठी हे मास्क बनवलेले नसतात, म्हणून कार्टूनचं चित्र आणि ‘एन 95’ हे शब्द एकाच पाकिटावर दिसले तर दुकानदाराने आधी चाचणीचा कागद मागावा. श्वसनाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्याने घट्ट मास्क वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि ज्याला रोज तासभर स्कूटरवरून घोडबंदर रस्त्याने जावं लागतं, त्याच्यासाठी नीट बसलेला मास्क ही प्युरिफायरहून कितीतरी स्वस्त आणि त्या तासापुरती अधिक कामाची वस्तू आहे, हे एकाच पत्रकात लिहिण्याचं धाडस दुकानदाराने करावं असं मला मनापासून वाटतं.

चित्रांचंही पाहायला हवं. दिल्लीतल्या दाट धुरक्यात हरवलेल्या इंडिया गेटचं छायाचित्र ठाण्याच्या पत्रकावर छापणं म्हणजे न लिहिता खोटं बोलणं. दिल्लीत शेतातल्या काडीकचऱ्याचा धूर, बंदिस्त भूरचना आणि कडाक्याची थंडी एकत्र येतात. आपल्याकडे कारणं वेगळी आहेत. आकडा छापायचाच तर जवळच्या सरकारी केंद्रावरचा, तारखेसह आणि 24 तासांच्या सरासरीचा छापावा. एखाद्या संध्याकाळच्या सर्वात वाईट तासाचा नव्हे.

या सगळ्याला कायद्याचा आधार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत असावा, आणि खुलाशाने दावा फिरवू नये. म्हणजे मराठीत मोठ्या अक्षरांत ‘99.97 टक्के’ आणि तळाशी इंग्रजीत मुंगीच्या अक्षरांत ‘प्रयोगशाळेतील स्थितीत’, हे चालत नाही.

मग पत्रकाचा मजकूर काहीसा असा होईल: ‘बंद खिडक्यांच्या, 140 चौरस फुटांपर्यंतच्या, दहा फूट उंच खोलीसाठी. सीएडीआर पूर्ण वेगावर ताशी 200 घनमीटर, स्लीपवर 60. हवेतले बारीक कण कमी करतं. वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि आजार यांवर उपाय नाही. फिल्टर बदलण्याचा वर्षाचा खर्च आणि रात्रीचा वीजवापर खाली दिला आहे.’ शेवटची ओळ गाळू नये, कारण यंत्र एकदा घेतलं जातं, फिल्टर मात्र पुन्हा पुन्हा. वीज फार लागत नाही. 40 वॉटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर तीन महिन्यांत 36 युनिट होतात.

डिसेंबरात एखादा गिऱ्हाईक परत येईलच: ‘आकडा खाली येतच नाही हो.’ तेव्हा दुकानदाराने चार गोष्टी विचाराव्यात. फिल्टरवरचं प्लॅस्टिकचं वेष्टन काढलं का? नव्या यंत्रात ते बरेचदा तसंच राहतं आणि यंत्र आठवडेच्या आठवडे नुसता पंखा होऊन चालतं. यंत्र पलंग आणि कपाटाच्या मधे कोंबलं आहे का? खिडकीच्या रुळांतून वारा येतो का? उदबत्ती कोणत्या खोलीत लागते? यंत्रावरचा आकडा मोजणारा डोळा यंत्राच्याच अंगावर असल्याने तो आजूबाजूची, म्हणजे सगळ्यात स्वच्छ हवा मोजतो. म्हणून शक्य असेल तर वेगळा छोटा मापक उशीजवळ ठेवून, यंत्र पूर्ण वेगावर एक तास चालवून पाहायला सांगावं. एवढं करूनही आकडा हलला नाही तर खोलीच्या मानाने यंत्र लहान आहे. अशा वेळी ते परत घेऊन मोठं देण्याची मुदत किती दिवसांची, हे पत्रकावर आधीच छापलेलं असावं.